शब्दचर्चा : ‘प्रवाळांचे विरंजन’ म्हणजे नक्की काय होते?

फोंड्याची बाई : आठवीच्या मुलांसाठी समुद्री जिवांवर मराठीत टिपण लिहितेय. एका पुस्तिकेत ‘समुद्राचे तापमान वाढल्याने प्रवाळांचे विरंजन होते’ असे वाक्य आहे. वर्गात वाचून दाखवले तर एका मुलाने विचारले, समुद्रात ब्लीचिंग पावडर कोण टाकतो? विहिरीत टाकतात ती त्याला ठाऊक. यापेक्षा बरा शब्द आहे का? आणि तिथे प्रत्यक्षात काय घडते ते कुणी सांगेल का, म्हणजे शब्द निवडता येईल.

जुना रसायनवाला : शब्द अगदी बरोबर आहे, बदलू नका. रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण झाले की रंग जातो, त्याला विरंजन म्हणतात. सांडपाणी, तेलाचे तवंग, यांनी समुद्राचे रसायन बिघडते आणि प्रवाळ पांढरे पडतात. पांढरे पडले म्हणजे मेले, इतके मुलांना सांगितले तरी पुरे.

दोनापावलकर : सर, त्यातले अर्धे घेतो, अर्धे नाही. प्रवाळाचा रंग बहुतेक करून त्याचा स्वतःचा नसतोच, भाडेकरूंचा असतो. प्रवाळ म्हणजे काही मिलिमीटरांचे प्राणी, त्यांना पॉलिप म्हणतात. तळाला चिकटलेले, वर तोंड आणि तोंडाभोवती हातांसारखे स्पर्शक. त्यांच्या आतल्या कातडीच्या पेशींमध्ये तपकिरी-सोनेरी एकपेशीय शैवाल राहतात, चौरस सेंटिमीटरमागे दहा लाखांच्या घरात. आपल्याला दिसतो तो खाकी-तपकिरी रंग मुख्यतः त्यांचा. पाणी तापले की हा रंग उडत नाही, शैवालच पेशीतून बाहेर पडतात. उरलेला पॉलिप जवळजवळ पारदर्शक, म्हणून त्याखालचा चुन्याचा सांगाडा पांढरा दिसतो. प्राणी तेव्हा बहुधा जिवंतच असतो.

फोंड्याची बाई : मग शैवाल आत राहून त्याला देतात काय? मुले हे विचारणारच.

दोनापावलकर : जेवण. उजेडात तयार केलेल्या साखरेचा आणि चरबीचा मोठा वाटा ते पॉलिपला देतात. उथळ, स्वच्छ पाण्यात पॉलिपच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत भाग यातून भागू शकतो. उलट पॉलिपच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या मलातले नायट्रोजन शैवालांना मिळते. उष्ण समुद्रांचे निळे पाणी खताच्या दृष्टीने कंगाल असते, तिथे हा व्यवहार दोघांनाही परवडतो.

बांधकामही त्याच जेवणावर चालते. पॉलिपच्या बुडाखाली, कातडी आणि सांगाडा यांच्यामध्ये पाण्याचा अगदी पातळ थर असतो. पॉलिप त्यातली आम्लता बाहेर फेकतो आणि कॅल्शियम आत ओढतो. मग त्या थरात अॅरागोनाइटचे, म्हणजे चुनखडीच्याच एका प्रकाराचे, स्फटिक जमतात आणि पॉलिप स्वतःला थोडे वर उचलून घेतो. याला भरपूर ऊर्जा लागते, म्हणून उजेडात सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी भराभर वाढतो. तरी पोराइटीस जातीचा गोटा वर्षाला साधारण सेंटिमीटरभरच वाढतो. दीड मीटर उंचीचा गोटा दिसला तर दीडशे वर्षांचे काम समोर आहे असे समजा.

माशेलची काकू : माझ्या अंगठीतले पोवळे दोन-तीन वर्षांत फिके पडले. ते हेच का? ज्योतिषीबुवा म्हणतात ग्रहाने दोष ओढून घेतला.

दोनापावलकर : काकू, दागिन्यातले लाल पोवळे वेगळ्या घराण्यातले. ते भूमध्य समुद्रात कपारींत, अंधुक उजेडात वाढते, त्याच्यात हे शैवाल नसतात आणि लाल रंग सांगाड्यातच मुरलेला असतो. शिवाय ते भित्तीही बांधत नाही. अंगठी फिकी झाली असेल तर घाम, लिंबू, साबण यांनी पृष्ठभाग खाल्ला असेल, किंवा रंग दिलेला माल असेल. सोनाराला दाखवा.

जुना रसायनवाला : म्हणजे ऑक्सिडीकरणाचा काही संबंधच नाही म्हणता?

दोनापावलकर : आहे, पण तुम्ही लावलेल्या जागी नाही. शैवालाच्या आत उजेड पकडणारी यंत्रणा असते. गरम पाण्यात ती मोडते, दुरुस्ती मागे पडते, पण ऊन पडतच राहते. वापरता न आलेली ऊर्जा ऑक्सिजनला चिकटते, त्यातून पेशी जाळणारे ऑक्सिजनचे उग्र प्रकार तयार होतात आणि ते पॉलिपच्या पेशीत झिरपतात. त्यानंतर शैवाल बाहेर जातात. पॉलिप त्यांना ढकलतो, पचवतो, की शैवालांसकट अख्ख्या पेशी गळतात, हे प्रजातीगणिक वेगळे दिसते. काही संशोधकांच्या मते शैवाल आधीच साखर देणे कमी करतात आणि पॉलिप शैवाल जाण्याआधीच उपाशी असतो. त्यावर वाद चालू आहे. उन्हाचा हात मात्र नक्की, कारण पॉलिपांच्या एकाच वसाहतीचा वरचा भाग आधी पांढरा होतो आणि सावलीतली बाजू टिकते.

वास्कोचा पाणबुड्या : मी ग्रँड आयलंडला पर्यटकांना बुडी मारायला नेतो. मे महिन्यात टर्बिनारिया प्रवाळाचे एक ताट पांढरे दिसले, फोटो आहे. आता मेलेले की विरंजलेले, हे कसे ओळखायचे?

दोनापावलकर : हात लावू नका, नुसते जवळून बघा. जिवंत असेल तर पांढऱ्यावर काचेसारखी चकाकती कातडी आणि छोटे पारदर्शक स्पर्शक दिसतील. मेलेल्या सांगाड्यावर खळगे रिकामे असतात आणि थोड्याच दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी लव धरते. तिसरी शक्यता, गोगलगायीने किंवा रोगाने कातडी खाल्लेली. तिथे पांढऱ्याची कड स्पष्ट असते आणि शेजारी निरोगी तपकिरी भाग असतो.

वास्कोचा पाणबुड्या : कड पुसटच आहे. पाणी त्या आठवड्यात गरमच लागत होते, पण माझ्या घड्याळाचा काटा किती खरा देव जाणे.

दोनापावलकर : एका आठवड्याने सहसा काही होत नाही. उपग्रहावरून हिशेब करतात तो असा. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याची नेहमीची सरासरी ३० अंश धरली, आणि पाणी तीन आठवडे ३१.५ अंश राहिले, तर दीड गुणिले तीन, साडेचार. चारच्या पुढे विरंजनाची शक्यता, आठच्या पुढे मृत्यूची. अर्धा अंश जास्त असलेले दहा आठवडे मात्र हिशेबात शून्य धरतात, कारण एक अंशाखालचा फरक मोजतच नाहीत. पाणी वेळेत निवले तर शैवाल काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा भरतात. तोवर पॉलिपला स्पर्शकांनी पकडलेल्या भक्ष्यावर भागवावे लागते.

पण गोव्यात हा हिशेब जरा जपून वापरायचा. मांडवी-झुवारीच्या गाळाने पाणी गढूळ असते, त्यामुळे ऊन कमी पोचते. लक्षद्वीपला १९९८ आणि २०१० मध्ये मोठे विरंजन झाले, तिथे खऱ्या प्रवाळभित्ती आहेत. आपल्याकडे खडकांवर विखुरलेल्या वसाहती. शिवाय पावसाळ्यात गोड्या पाण्यानेही त्या पांढऱ्या पडू शकतात.

फोंड्याची बाई : मग टिपणात ‘प्रवाळ फिके पडणे’ लिहू? ‘शैवालत्याग’ फार जड होतोय.

जुना रसायनवाला : ‘विरंजन’ राहू द्या, पण पुढे ‘शैवाल बाहेर गेल्याने’ एवढे जोडा. वर्तमानपत्रांत हाच शब्द येतो, मुलांना तो भेटणारच.

दोनापावलकर : पाणबुड्याभाऊ, त्या ताटाच्या खालच्या बाजूचा फोटो आहे का? ती तपकिरी असेल तर उन्हाकडे बोट दाखवता येईल.

वास्कोचा पाणबुड्या : खालून काढलेला नाही. आता पाऊस लागला, पाण्यात हातभरही दिसत नाही. ऑक्टोबरात फेऱ्या सुरू झाल्या की आधी तिकडेच जातो.