मदत हवी आहे: बाजारातून पावतीसह घेतलेली म्हैस चोरीची म्हणून पोलिसांनी नेली

शिवार_पाणी

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारातून एक मुऱ्हा म्हैस घेतली. दुसऱ्या वेताची, आठ महिन्यांची गाभण. दलालामार्फत ८५,००० ला सौदा ठरला. ६०,००० फोनवरून पाठवले, २५,००० रोख दिले. बाजार समितीची पावती आहे, तिच्यावर विकणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव-गाव आणि म्हशीचं वर्णन आहे. मे महिन्यात म्हैस व्याली, पारडी झाली.

परवा शेजारच्या तालुक्यातले एक शेतकरी पोलिसांना घेऊन दारात आले. म्हणाले, ही म्हैस माझी. शेपटीचा गोंडा पांढरा आहे, डाव्या पुठ्ठ्यावर डाग दिल्याची खूण आहे आणि दवाखान्यात टॅगची नोंद आहे. सगळं जुळलं. म्हशीच्या कानात आता टॅग नाही, फक्त फाटलेलं भोक आहे. पंचनामा करून म्हैस आणि पारडी दोन्ही नेली, पांजरपोळात ठेवली आहेत.

मी काही लपूनछपून घेतलेली नाही. पैसे मोजलेत, पावती आहे. तरी म्हैस माझी नाही का? पैसे कोण देणार? आणि माझ्यावर चोरीचा माल घेतल्याची केस होईल का?

बाजारकर

काळजी करू नका. भरबाजारात सौदा झालाय, पावती फाडलीय. प्रामाणिकपणे घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. ज्याच्याकडे पावती त्याचं जनावर, म्हैस सोडायची नाही.

काळा_कोट

बाजारकर, प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण मिळतं हे खरं, पण ते कुठे मिळतं यावर सगळं आहे. भरबाजारात घेतलेला माल घेणाऱ्याचाच, असा नियम इंग्लंडमध्ये होता, तोही १९९५ च्या सुरुवातीला बंद झाला. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यात तो कधीच नव्हता. कलम २७ चा गाभा इतकाच की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. चोराकडे हक्कच नसतो. मग तो दुसऱ्याला विको, दुसरा तिसऱ्याला, सगळे प्रामाणिक असले तरी मूळ मालकाचा हक्क तसाच राहतो. पावतीवरून तुम्ही कुणाकडून, कधी आणि कितीला घेतली एवढंच सिद्ध होतं. व्यापाऱ्याकडे नसलेली मालकी ती तयार करत नाही.

शिवार, आधी एक सांगा. गुन्ह्याच्या नोंदीत नेमकं काय लिहिलंय? म्हैस गोठ्यातून रात्री गेली की मालकानं स्वतःच्या हातानं कुणाला दिली? कलम कुठलं लावलंय, चोरीचं ३०३ की फसवणुकीचं ३१८? नक्कल मिळवा. बाकीचं उत्तर तिथून सुरू होईल.

मीनाताई_ओतूर

अरेरे, तुमची म्हैस चोरीला गेली हे वाचून वाईट वाटलं. आमचीही दोन वर्षांपूर्वी गेली होती. आजूबाजूच्या सगळ्या बाजार समित्यांना टॅगचा बारा अंकी नंबर आणि फोटो देऊन ठेवा, आम्ही तेच केलं होतं.

शिवार_पाणी

मीनाताई, माझी चोरीला गेली नाही हो, मी घेतलेली चोरीची निघाली. पण नंबरचं चांगलं सांगितलंत.

काळा_कोट साहेब, नक्कल आणली. कलम ३०३, म्हणजे चोरी. पण आत मजकूर वेगळाच आहे. मालक म्हणतात, व्यापारी गोठ्यावर आला, भाव ठरला, त्यानं चेक दिला आणि म्हैस टेम्पोत घालून नेली. चेक परत आला, व्यापाऱ्यानं फोन बंद केला. म्हणून "माझी म्हैस चोरून नेली".

काळा_कोट

मग गोष्ट बदलली. चोरीत मालकाची संमती नसते. इथे मालकानं संमती दिली, ती फसवून घेतलेली असेल. अशा सौद्यात व्यापाऱ्याकडे मालकी येते, पण मालकाला तो सौदा मोडता येतो. त्यानं मोडण्याआधी व्यापाऱ्यानं म्हैस तुम्हाला विकली आणि तुम्हाला त्या भानगडीची काही कल्पना नव्हती, तर कलम २९ खाली म्हैस तुमची. मालकानं मग व्यापाऱ्याकडून पैसे वसूल करायचे.

म्हणून तारखा पाहा. बाजाराचा दिवस कोणता, चेक परत कधी आला, आणि सौदा मोडला म्हणून मालकानं पहिली नोटीस किंवा तक्रार कधी दिली? तक्रार बाजाराच्या आधीची असेल तर तुमची बाजू लंगडी होते. व्यापारी फरार असेल तर पोलिसांकडे जाणं हेच सौदा मोडणं, असं इंग्लंडच्या कोर्टानं एका मोटारीच्या खटल्यात धरलं आहे. आपल्याकडेही समोरचे वकील ते दाखवतील.

गोठा_नं_७

मी मालकाच्या जागेवर असतो तर? घाम गाळून वाढवलेली म्हैस, हातात वटलेला नसलेला चेक, आणि वर ऐकायचं की आता ती दुसऱ्याची. शिवार प्रामाणिक आहे हे मान्य, पण मालकानं काय पाप केलं? आणि फाटलेला कान बघून कुणीही विचारायला हवं होतं. आमच्याकडे टॅग नसलेल्या जनावराला गिऱ्हाईक हात लावत नाही.

काळा_कोट

दोघेही निर्दोष आहेत म्हणूनच हा विषय अवघड आहे. कायदा इथे एवढंच बघतो की फसवणाऱ्यावर विश्वास कुणी टाकला.

कानाचा मुद्दा मात्र पोलिस नक्की काढतील. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा व्हायला तो चोरीचा आहे हे माहीत असावं लागतं किंवा तसं वाटायला कारण असावं लागतं. चरताना कुंपणाला अडकून टॅग फाटतात, त्यामुळे एकट्या भोकावरून काही ठरत नाही. चालू भावाच्या अर्ध्या किमतीत घेतली असती तर गोष्ट वेगळी. तुम्ही भाव पूर्ण दिलाय आणि ६०,००० ची नोंद बँकेत आहे. ती नोंद, पावती आणि दलालाचं नाव जबाबात लिहून द्या.

शिवार_पाणी

टॅगबद्दल मी विचारलं होतं. व्यापारी म्हणाला, गाडीत चढवताना तुटला. दलाल साक्षीला आहे.

आणि समजा शेवटी चोरीच ठरली, तर माझे पैसे बुडाले का?

काळा_कोट

नाही. कलम १४ प्रमाणे, विकण्याचा हक्क मला आहे हे विकणारा न बोलताही कबूल करत असतो. तो हक्क नसेल तर पूर्ण किंमत परत मागता येते. तो म्हणेल, दोन महिने दूध काढलंस, ते वजा कर. यावर १९२३ चा रोलंड विरुद्ध डिव्हॉल हा इंग्लंडचा खटला आहे. मोटार काही महिने वापरूनही घेणाऱ्याला सगळी रक्कम परत मिळाली, कारण त्यानं पैसे मालकीसाठी मोजले होते आणि तीच मिळाली नव्हती. त्याचं बंधन आपल्या कोर्टावर नाही, पण आधार म्हणून दाखवतात.

फौजदारी कोर्टातही एक वाट आहे, वापरली फार कमी जाते. चोरीत शिक्षा झाली, अटकेच्या वेळी आरोपीजवळ रोकड सापडली होती आणि म्हैस मालकाला परत गेली, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९९ खाली त्या रोकडीतून तुमची किंमत मागता येते. रोकड सापडली का, हे तपास अधिकाऱ्याला आत्ताच विचारा.

मीनाताई_ओतूर

ते सगळं नंतर बघा हो. म्हैस दुधात आहे ना? पांजरपोळात दोन्ही वेळा कोण पिळतंय? कास तटली तर दगडी होईल आणि म्हैस कुणाच्याच कामाची राहणार नाही.

काळा_कोट

ताई बरोबर बोलल्या, पहिलं काम तेच. उद्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्दनाम्यावर ताबा मागायचा अर्ज टाका. जप्त माल ठाण्यात सडवत ठेवू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलं आहे, आणि हा तर जिवंत जीव. दुधाचं आणि पारडीचं कारण अर्जात ठळक लिहा. मालकही अर्ज करतील. कोर्ट कुणालाही देवो, तो तात्पुरता ताबा असतो. मालकीचा निकाल हवा असेल तर तो दिवाणी कोर्टात लागतो.

गोठा_नं_७

आणि पारडी? ती तर शिवारच्या गोठ्यात, त्याच्या चाऱ्यावर झाली.

काळा_कोट

म्हैस मालकाची ठरली तर पारडीही साधारण आईमागे जाते. दोन महिन्यांचा चारा आणि डॉक्टरचा खर्च शिवारला मिळेल का, हे मी ठामपणे सांगणार नाही. मागून ठेवा, बिलं जोडा.

शिवार_पाणी

पेंडीच्या पावत्या आहेत. बाजार १२ मार्चला होता. चेकची तारीख नकलेत नाही, उद्या ठाण्यात विचारून इथेच लिहितो.