किराणाचं 'वारुंग' करायचं का? इंडोनेशियन पिच डेकबद्दल मत हवंय

शुभदा_पुणे: पुण्यातल्या एका स्टार्टअपचा डेक इंग्रजीतून बहासा इंडोनेशियात करतेय, जकार्तातल्या इन्व्हेस्टरांसाठी. किराणा दुकानांचं उधारी आणि स्टॉकचं ॲप आहे, सध्या 1200 दुकानं वापरतात, पुढच्या वर्षी 5000 करायचा बेत आहे. फाउंडर म्हणतो सगळीकडे किराणाचं 'वारुंग' कर, तिकडच्यांना आपलं वाटेल. करू का?

कॉपीवाला_मंदार: बिनधास्त कर. पिच डेक म्हणजे काही ॲफिडेव्हिट नाही, आणि पैसे ट्रान्सक्रिएशनचे घेतलेस ना, मग शब्दाला शब्द कशाला? 'किराणा' वाचून तो माणूस अडखळणार आणि गोष्ट तिथेच तुटणार. वारुंग म्हटलं की त्याला गल्लीच्या कोपऱ्यावरचं दुकान, दारात लटकलेली शॅम्पूची पाकिटं, वहीतली उधारी सगळं दिसतं.

नीला_जकार्ता: मंदार, दिसतं हे खरं, म्हणूनच मला भीती वाटते. मी इथे 11 वर्षं दुभाषी म्हणून काम करते. स्लाइडवर "1.200 वारुंग" असलं (इथे हजाराला टिंब लागतं, स्वल्पविराम दशांशाला) आणि भारताचं नाव नसलं की वाचणारा सरळ धरून चालणार की तुमची 1200 दुकानं इंडोनेशियात सुरू आहेत. शब्दाला नाव ठेवता येत नाही पण वाक्य खोटं झालं. शुभदा, प्रॉब्लेमच्या स्लाइडवर खुशाल वारुंग वापर, तिथे गोष्ट सांगायची आहे. पण आकड्यांच्या स्लाइडवर 'तोको केलोन्तोंग दी इंडिया' असंच लिही, म्हणजे भारतातली किराणा दुकानं, हवं तर शेजारी 'वारुंगसारखी' म्हण.

दुसरं म्हणजे क्रियापदं. बहासात क्रियापदाला काळच नाही. 'कामी मेलायानी 5.000 तोको' म्हणजे 5000 दुकानांना सेवा देतो की देणार, वाक्यावरून कळतच नाही, आणि असं मोकळं ठेवलं की लोक 'देतो' असंच वाचतात. झालेल्याला 'सुदाह' आणि व्हायचंय त्याला 'आकान' किंवा 'मेनार्गेतकान' घालावंच लागतं. फाउंडर म्हणेल 'आकान' ढिलं वाटतं, काढ. तिथे ऐकू नकोस.

विधी_सातारा: पण तिकडे 2009 चा 24 नंबरचा कायदा आहे ना, सगळी कागदपत्रं बहासातच लागतात, मग हा डेकच कायदेशीर कागद झाला की.

नीला_जकार्ता: कायदा आहे, पण तो करारांना आणि सामंजस्य करारांना लागतो, डेकला नाही. तरी डेकमधलं वाक्य पुढे ड्यू डिलिजन्सला समोर येतंच. त्यातून 2024 च्या शेवटी ईफिशरी या इथल्या मत्स्यशेतीच्या स्टार्टअपवर विक्रीचे आकडे फुगवल्याचे आरोप झाले, तेव्हापासून इथले लोक आकड्यांना फार जपून आहेत.

नाशिककर_द्राक्ष: आमचं वेगळंच झालं, आम्ही कोल्ड स्टोरेजसाठी सुराबायाला गेलो होतो, भाषांतर घाईत करून घेतलेलं. स्लाइडवर एका शेतकऱ्याची महिन्याची खरेदी 'Rp 8M' होती, आमच्या डोक्यात मिलियन. समोरचे गृहस्थ बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग विचारलं, एक शेतकरी महिन्याला 8 मिलियार? तिकडे M म्हणजे मिलियार, म्हणजे अब्ज, मिलियनला 'जुता' म्हणतात. हजारपट फरक! आम्ही खुलासा केला, पण त्यानंतर ते प्रत्येक आकडा परत परत विचारत राहिले.

शुभदा_पुणे: बापरे, माझ्या डेकमध्ये अकरा ठिकाणी M आहे. सगळीकडे जुता करते आजच.

कॉपीवाला_मंदार: आकड्यांचं मान्य. पण भाव तरी राहू द्या. बहासात आपल्यासारखंच 'आम्ही' आणि 'आपण' वेगळं आहे ना, कामी आणि किता? इंग्रजीत ही सोयच नाही. मी असतो तर अख्खा डेक 'किता'मध्ये लिहिला असता, पहिल्या स्लाइडपासून इन्व्हेस्टर आपल्यातला.

नीला_जकार्ता: अरे मंदार, मराठीतच म्हणून बघ, "आपण गेल्या वर्षी 1200 दुकानं जोडली". समोरचा म्हणेल मी कधी जोडली? जे करून झालंय तिथे कामी, शेवटच्या स्लाइडवर पुढचं स्वप्न सांगताना किता. तिथे तो शब्द खरंच काम करतो.

शुभदा_पुणे: फाउंडरशी बोलले. वारुंगचं आणि M चं लगेच पटलं. 5000 ला 'मेनार्गेतकान' मात्र नको म्हणतोय, त्यापेक्षा तो आकडाच काढून टाक म्हणाला.

कॉपीवाला_मंदार: काढू नको! टार्गेटच नसेल तर पैसे कशाला देतील?

नीला_जकार्ता: मला तर काढलेला बरा वाटतो. शेजारी 1200 आहेत, ते खरे आहेत, तेवढ्यावर बोलता येतं.

शुभदा_पुणे: दोन्ही स्लाइड करून त्याच्यापुढे ठेवते.