मदत हवी आहे: ज्यूसच्या पॅकभोवती तरंगणारी संत्री चिकटवल्यासारखी दिसताहेत

वऱ्हाडी_झूम
नमस्कार मंडळी. नागपूरला मामेभावाने संत्र्याच्या रसाचे २०० मिलीचे पॅक काढलेत. त्यासाठी हवेत तरंगणारा पॅक, भोवती दोन अख्खी संत्री, काही फोडी आणि पुदिन्याची पानं असा फोटो करतोय. पॅक मागून सळईवर अडकवून काढला. उजेड डावीकडून, वरून, ६० सेंमीचा सॉफ्टबॉक्स, पॅकपासून साधारण १२० सेंमीवर. खाली नारिंगी कार्डपेपर. फळं दुसऱ्या दिवशी वेगळी, जवळून काढली आणि फोटोशॉपमध्ये लहान करून बसवली. सगळ्यांना एकच ड्रॉप शॅडो दिली. भावाची बायको म्हणाली, "भाऊजी, फ्रीजवरचे मॅग्नेट वाटतात." जाणकारांनी (शब्दशः) प्रकाश टाकावा.

खमंग
रसाचा फवारा गोठवायला फ्लॅश कमीत कमी ताकदीवर ठेवा, म्हणजे झळक छोटी होते आणि थेंब स्पष्ट येतात.

वऱ्हाडी_झूम
खमंग, फवारा नाहीये हो, फळं स्थिर आहेत. पण लक्षात ठेवतो.

पिक्सेलपंत
सोपं आहे. ड्रॉप शॅडोचं ब्लर वाढवा, अपारदर्शकता ३० करा. सावली मऊ झाली की वस्तू हवेत वाटते.

सावलीकर
पंतांचं अर्धं बरोबर. मऊ हवी, पण सगळ्यांची सारखी मऊ नको. सावलीची कड किती पसरेल ते फळ कागदापासून किती उंच आहे त्यावर ठरतं. ढोबळ हिशेब असा: दिव्याची रुंदी गुणिले फळाची कागदापासूनची उंची, भागिले दिव्यापासून फळाचं अंतर. तुमचा दिवा ६० सेंमीचा, अंतर १२०. म्हणजे कागदापासून ५ सेंमीवरच्या फोडीची कड अडीच सेंमी विरघळेल. ३० सेंमीवरच्या संत्र्याची १५ सेंमी, आणि संत्रं स्वतःच ७ सेंमीचं! त्याची गडद सावली उरतच नाही, नुसता फिकट डाग पडतो. तुम्ही दोघांनाही एकच सावली दिलीत, म्हणून डोळा म्हणतो की सगळी एकाच भिंतीवर चिकटवलीत. शिवाय ड्रॉप शॅडो वस्तूच्या अगदी मागे पडते. तुमची सावली खाली कागदावर, उजवीकडे सरकून पडायला हवी.

खरा उपाय म्हणजे हाताने सावली काढूच नका. कॅमेरा ट्रायपॉडवर, दिवा आणि फोकस न हलवता आधी रिकामा कागद टिपा, मग पॅक, मग एकेक फळ बांबूच्या काडीवर त्याच्याच जागी धरून. काडी फळाच्या मागून घाला, कॅमेऱ्याला दिसणार नाही. मग प्रत्येक फोटोतून फळ त्याच्या सावलीसकट घ्यायचं. काडीची सावली मात्र पुसावी लागते, ते काम कंटाळवाणं आहे.

वऱ्हाडी_झूम
फळांवरची चमक उजवीकडे आहे हे आत्ता दिसलं. खिडकीच्या उजेडात काढली होती ना! डोक्याला हात लावला.

आमराई
मी आंब्याच्या पल्पच्या बाटलीसाठी काचेवर फळं ठेवून वरून फोटो काढते. काड्या नकोत, काही नकोत.

सावलीकर
आमराईताई, वरून काढायचं तर काच उत्तम. इथे पॅक उभा आहे, समोरून काढताना काचेत फळांचं प्रतिबिंब येईल.

मापाचंही बघा. तुमचा पॅक किती उंच?

वऱ्हाडी_झूम
मोजला, साडेअकरा सेंमी. फोटोत संत्रं पॅकच्या तिसऱ्या हिश्शाएवढं आहे.

सावलीकर
मग झालंच. ७ सेंमीचं संत्रं उंचीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं दिसलं, तर पॅक २१ सेंमीचा वाटतो, म्हणजे लिटरचा. गिऱ्हाईक दुकानात फसल्यासारखं बघेल. खरं संत्रं उंचीच्या साठ टक्के असतं. पुढे ठेवाल तर अजून मोठं: कॅमेरा पॅकपासून मीटरभर असेल आणि फळ २० सेंमी पुढे, तर सव्वापट. पण तेवढं पुढचं फळ किंचित धूसर हवं. दोनच संत्री पुरेत, त्यातलं एक पॅकच्या मागे अर्धं लपवा. आत्ता घड्याळाच्या आकड्यांसारखी गोल मांडलीत. आणि कुठल्याच फळाची कड पॅकच्या कडेला नुसती टेकू देऊ नका, एकतर नीट झाकली जावी, नाहीतर मोकळं अंतर हवं.

पिक्सेलपंत
नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, आडवी चकती कापली की गर सालीपासून सुटतो. मी सरळ मोसंबी कापून रंग नारिंगी करतो.

आमराई
संत्र्याच्या रसावर मोसंबी? आणि पुदिना तरी रसात आहे का?

वऱ्हाडी_झूम
पुदिना नाही, नुसता शोभेला होता. काढून टाकतो.

(दोन दिवसांनी) काड्यांवर परत काढलं. सावल्या एकदम खऱ्या, वहिनी गप्प! चकतीऐवजी सोललेल्या फोडी घेतल्या. आता एकच अडचण: पॅकच्या पांढऱ्या बाजूवर संत्र्याची नारिंगी झाक यायला हवी, पण पॅक एकटा टिपल्यामुळे ती आलीच नाही. पॅक आणि जवळचं संत्रं एकत्र टिपायचं, की नंतर ब्रशने रंगवायचं?

पिक्सेलपंत
ब्रश.

सावलीकर
एकत्र.