मस्तकरेषा चंद्राकडे झुकली म्हणून गणित सोडायचं?

मृदुला: मुलगी दहावीत आहे. ओळखीच्या एका काकांनी तिचा हात बघून सांगितलं की मस्तकरेषा, म्हणजे तळहाताच्या मधून आडवी जाणारी रेषा, मनगटाजवळ करंगळीच्या बाजूला असलेल्या चंद्राच्या उंचवट्याकडे उतरते, म्हणजे स्वभाव कल्पनेत रमणारा, तिला विज्ञान शाखेत घालू नका. रेषा सरळ असती तर चाललं असतं म्हणे. तिला गणित आवडतं आणि जमतंही. रेषा सरळ की झुकती, यावरून विचार करायची पद्धत खरंच कळते का?

भालचंद्र: मृदुलाताई, मी बरीच वर्षं हात बघतो. काकांनी अर्धंच वाचलं. सरळ रेषा म्हणजे व्यवहारी डोकं आणि झुकती म्हणजे कल्पक, हे खरं. पण ते हाताच्या ठेवणीशी जोडून वाचायचं असतं. हस्तरेषांवर पुस्तकं लिहिणाऱ्या कीरोनेच हे स्पष्ट लिहिलंय. चौकोनी हातावर रेषा सरळ असणं स्वाभाविकच, त्यामुळे तिथे थोडासा झुकावही मोठा अर्थ सांगतो. निमुळत्या बोटांच्या हातावर मात्र झुकाव असायचाच, त्यात विशेष काही नाही. शिवाय पहिला अर्धा भाग सरळ आणि पुढचा किंचित उतरता असेल, तर व्यवहार आणि कल्पना यांचा तोल धरतात. अशा हाताला गणित वर्ज्य आहे, असं कुठल्याही जाणत्या माणसाने म्हणू नये. डावा हातही बघा. तो जन्मजात कल दाखवतो, उजवा घडत गेलेला.

प्रसाद: एवढं कशाला? रेषा म्हणजे कातडीची घडी. मूठ वळून वळून पडते. हाताने जास्त काम करणाऱ्याच्या रेषा ठळक, एवढाच त्याचा अर्थ.

संध्या: प्रसाद, घडी आहे हे बरोबर, पण ती कामामुळे पडत नाही. मी शरीररचना शिकवते. तळहाताच्या तिन्ही मोठ्या घड्या गर्भातच, साधारण तिसरा महिना संपेपर्यंत तयार होतात. बाळ हातात घेतलंत तर त्या स्पष्ट दिसतात. कामाने त्या खोल दिसतील, दिशा बदलणार नाही. म्हणून भालचंद्रजी, 'उजवा घडत गेलेला' हे मला पटत नाही. मस्तकरेषेचा उतार तळहाताच्या बांध्याबरोबर ठरतो, आणि तेव्हा मुलीने एकही गणित सोडवलेलं नसतं.

शैलेश: माझ्या दोन्ही हातांवर मस्तकरेषा आणि हृदयरेषा मिळून एकच आडवी रेषा आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सरळ. मग मी सगळ्यात व्यवहारी धरायचा का? घरचे तर मला हट्टी म्हणतात.

संध्या: शैलेश, तुमची गोष्ट वेगळी आहे. ती सरळ मस्तकरेषा नव्हे, दोन घड्यांच्या जागी एकच पडलेली आहे. डाऊन सिंड्रोममध्ये ती जास्त आढळते म्हणून डॉक्टर नवजात बाळाच्या हातावर बघतात, पण कितीतरी धडधाकट माणसांच्या हातावरही ती असते. तेवढ्यावरून निदान करत नाहीत, आणि हट्टीपणा तर नाहीच नाही.

निखिल: रे हायमन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तरुणपणी हात बघायचे आणि त्यांचा त्यावर विश्वासही होता. एका जाणकाराच्या सांगण्यावरून त्यांनी मुद्दाम रेषांच्या उलट भविष्य सांगायला सुरुवात केली. तरी लोकांना ते तितकंच पटलं. 'तुम्ही व्यवहारी आहात पण मनात कल्पनाही खूप चालतात' हे कोणाला लागू पडणार नाही?

भालचंद्र: निखिल, त्यावरून समोरचा माणूस पटकन हो म्हणतो एवढंच सिद्ध होतं. रेषा खोटी ठरत नाही.

निखिल: मान्य. मग चाचणी अशी घ्या, की समोरच्याच्या 'हो'ला जागाच नको. शाईचे ठसे, नावं झाकलेली. अर्धे गणिताच्या प्राध्यापकांचे, अर्धे चित्रकारांचे. तुम्ही दोन ढीग करा. पण त्याआधी सांगा, किती उतरली की 'झुकती' म्हणायचं?

भालचंद्र: अंश मोजून कोणी ठरवत नाही. रेषा करंगळीखालच्या मंगळावर थांबते की खाली चंद्रावर जाते, हे बघतो. ठसे मी बघेन, पण प्राध्यापक कल्पक नसतात हे तुम्ही गृहीत धरताय. नवी सिद्धता शोधणाऱ्याची रेषा झुकलेली निघाली, तर मला नवल वाटणार नाही.

निखिल: मग कोणता ढीग लागला म्हणजे तुम्ही चुकलात, हे आधी लिहून द्यावं लागेल.

संध्या: आणि फोटोवरून बघू नका. हात थोडा वाकवला किंवा अंगठा ताणला की तीच रेषा जास्त उतरती दिसते. ठसा घेतानाही सगळ्यांचा हात सारखाच टेकवा.

मृदुला: आत्ता तिचे दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवून पाहिले. पंजा चौकोनी आहे. डाव्या हातावर रेषा जवळजवळ सरळ, उजव्यावर अनामिकेखालून उतरते.

भालचंद्र: मग माझ्या वाचनाने हा तोल असलेला हात. विज्ञान घेऊ द्या.

निखिल: ताई, विज्ञान घेऊ द्याच, पण तिला गणित जमतं म्हणून. ते जमत नसतं, तर याच हातावरून 'चौकोनी हातावर झुकाव, म्हणजे मोठा अर्थ' असंही सांगता आलं असतं.

भालचंद्र: तसं मी सांगितलं नसतं. ठसे पाठवा, मग बोलू.