प्रेस नोटचा दर: शब्दामागे की मजकुरामागे?

नवी लेखणी: छोट्या कंपन्यांसाठी प्रेस नोट आणि वेबसाइटवरचं ‘आमच्याविषयी’ पान लिहून द्यायचं काम सुरू करतेय. दर शब्दामागे सांगावा की एका मजकुराचा ठरावीक? आणि दाखवायला एकही नमुना नाही, तो कसा तयार करायचा?

मोजपट्टी: शब्दामागेच सांगा. ठरावीक आकडा सांगितला की ‘अर्ध्या पानाचे एवढे?’ हा प्रश्न येतोच. शब्दांचा हिशेब उघड असतो, मजकूर वाढला की पैसे वाढतात, घासाघीस होत नाही. भाषांतराची बिलं मी कायम अशीच लावत आलोय आणि त्यावरून कधी वाद झालेला नाही.

तळटीप: भाषांतरात मूळ मजकूर समोर तयार असतो, म्हणून तिथे शब्दांचं माप चालतं. प्रेस नोटमध्ये सांगण्यासारखं काय आहे तेच आधी शोधावं लागतं, आणि बराच वेळ त्यातच जातो.

समजा, पंपांची सील बनवणारी एक छोटी कंपनी दुसरी पाळी सुरू करतेय. मालकांनी मथळा पाठवलाय, ‘अग्रगण्य कंपनीची यशस्वी घोडदौड’. यात बातमी कुठेच नाही. फोनवर नीट विचारत गेलं की कळतं, आतापर्यंत ऑर्डर दिल्यावर माल पोचायला १० दिवस लागायचे, आता ४ लागतील. ज्या कारखान्याचा पंप बंद पडलाय त्याच्यासाठी मधले ६ दिवस फार महागात जातात. मग मथळा होतो, ‘दुसऱ्या पाळीमुळे पंपांची सील १० ऐवजी ४ दिवसांत’. हे वाचून उद्योगाच्या पानाचा उपसंपादक निदान पुढची ओळ वाचेल.

आता वेळ मोजा. फोन आणि टिपणं १ तास, मसुदा २ तास, मालकांच्या तोंडी घालायचं वाक्य त्यांच्याच बोलण्यातून उचलून मंजूर करून घेणं अर्धा तास, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्यांना दीड तास. झाले ५ तास. मसुदा ५२० शब्दांचा होता, काटछाटीनंतर ३४० उरले. शब्दामागे दर असता तर या काटछाटीनेच तुमचं बिल तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरलं असतं, आणि नोट वाचनीय झाली ती तर काटछाटीमुळेच. म्हणून ५ तासांवर १ तास अडीअडचणीसाठी धरा, ताशी दराने गुणा आणि एकच आकडा सांगा. तासांची वही स्वतःजवळ ठेवा, ती गिऱ्हाइकाला दाखवायची गरज नाही.

मोजपट्टी: दोन फेऱ्यांत काम संपेल हे कोणी सांगितलं? मालक, भागीदार, मालकांचा मुलगा, सगळे दुरुस्त्या सुचवतात. ठरावीक आकडा सांगणारा तिथेच अडकतो. माझ्या पद्धतीत वाढीव परिच्छेदाचे पैसे तरी मिळतात.

तळटीप: वाढीव परिच्छेदाचे मिळतात, पण तोच परिच्छेद तीनदा बदलला तर शब्द तेवढेच राहतात. अडकण्याची भीती मात्र खरी आहे. म्हणून आकड्याखालीच लिहायचं: एक मुलाखत, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, सगळ्यांच्या सूचना एकत्र करून पाठवणारी आणि मंजुरी देणारी एकच व्यक्ती. पहिल्या फेरीत काढायला लावलेलं वाक्य दुसऱ्या फेरीत परत मागितलं गेलं, तर ज्याचा शब्द शेवटचा तो माणूस मुलाखतीला नव्हता असं समजा. तिथे थांबून त्याच्याशी एकदा बोलून घ्या. आणि बातमीच बदलली, म्हणजे दुसऱ्या पाळीऐवजी आता नव्या यंत्राबद्दल लिहायचंय असं ठरलं, तर ती दुरुस्ती नव्हे. तो नवा मजकूर, त्याचा नवा आकडा.

आणखी एका ठिकाणी वेळ जातो, तो कोणी धरत नाही. नोटमध्ये ग्राहक कंपनीचं नाव आलं की त्यांची लेखी संमती लागते, आणि ती कधी मिळेल ते तुमच्या हातात नसतं. संमती आणणं गिऱ्हाइकाकडे सोपवा आणि नाव न घेता चालेल असं वाक्य आधीच तयार ठेवा.

छोटा कारखाना: मी लिहून घेणाऱ्यांपैकी आहे. एका लेखकाकडून नोट करून घेतली, ठरलेले पैसे दिले, कुठेही छापून आली नाही. मग मी पैसे कशाचे दिले? छापून आल्यावरच पैसे, असा दर का नसतो?

तळटीप: छापायचं की नाही हे संपादक ठरवतो. त्या दिवशी मोठी बातमी आली तर चांगली नोटही बाजूला पडते, त्यामुळे छापून येण्याची हमी लेखकाने देऊच नये. पण तुम्हाला नोट लिहून दिली की पत्रकारांना पाठवूनही द्यायची होती, हे आधी बोललं गेलं होतं का? पाठवणं, फोन करणं, पाठपुरावा करणं हे वेगळं काम आहे आणि त्याचा दरही वेगळा सांगायला हवा. तुमच्या नोटमध्ये मुळात बातमी होती का, हे मला इथून कळणार नाही. ती नसेल तर लेखकाने लिहिण्याआधीच तसं सांगायला हवं होतं.

छोटा कारखाना: पाठवण्याबद्दल काही बोलणं झालं नव्हतं. पण मालकाला यातलं काय कळतं? विचारायचं काम लेखकाचं आहे.

तळटीप: मान्य.

कोरा कागद: नमुन्यांवर कोणीच बोललं नाही. काल्पनिक कंपनी घ्या, तिची एक प्रेस नोट आणि एक प्रोफाइल लिहा, वर ‘सरावासाठी’ असं स्पष्ट टाका. कोणाची परवानगी नको, कोणाची वाट बघणं नको.

तळटीप: तेवढ्याने भाषा दिसते, खोदकाम दिसत नाही. काल्पनिक कंपनीत सगळी उत्तरं तुमचीच असतात. खरा मालक ‘आमची क्वालिटी उत्तम’ एवढंच सांगतो, आणि त्यातून काय काढलंत यावर तुमची पारख होते. ओळखीतल्या एखाद्या खऱ्या व्यवसायाचं ‘आमच्याविषयी’ पान कमी दरात करून द्या आणि आधीचा व नंतरचा मजकूर शेजारी-शेजारी दाखवण्याची परवानगी लेखी घ्या. ‘गेली १२ वर्षे सेवेत’ हे पुढच्या वर्षी चुकीचं ठरतं, तिथे स्थापनेचं साल हवं. ‘अग्रगण्य’च्या जागी काय बनवतात आणि कोणासाठी, ते हवं. असे दोन-तीन बदल शेजारी-शेजारी दिसले की मालकाला वेगळं समजावावं लागत नाही.

सुरुवात प्रोफाइलनेच करा. प्रत्येक प्रेस नोटच्या शेवटी कंपनीची ओळख देणारा ६०-७० शब्दांचा परिच्छेद लागतो. प्रोफाइल झालेलं असलं की तो हाताशी असतो, आणि त्याच कंपनीची पुढची नोट कमी वेळात होते.

कोरा कागद: ओळखीत कमी दराने केलं की तोच दर कायमचा चिकटतो, आणि त्यांच्या ओळखीतून येणाराही तोच मागतो. त्यापेक्षा काल्पनिक बरं.

तळटीप: बिलावर पूर्ण आकडा लिहा, खाली ‘नमुना दाखवण्याच्या परवानगीबद्दल सूट’ अशी वेगळी ओळ टाका. पुढच्या कामाला ती ओळ नसेल.

कोरा कागद: कागदावर ठीक आहे. ओळखीच्या माणसासमोर ती ओळ काढून टाकणं किती जणांना जमतं, हा माझा प्रश्न आहे.

नवी लेखणी: प्रोफाइलसाठी एक ओळखीची कंपनी आहे, आज विचारते. पण माझी तासांची वहीच अजून कोरी आहे, मग पहिला आकडा कशावरून काढू?

मोजपट्टी: म्हणूनच म्हणतो, पहिली कामं शब्दामागे घ्या.

तळटीप: त्याआधी एक नोट घड्याळ लावून स्वतःसाठीच लिहून बघा. त्यात मुलाखत आणि मंजुरी नसेल, म्हणून माझ्या वरच्या हिशेबातले तेवढे तास त्यात मिळवा. पहिला आकडा थोडा चुकेल, पण चूक कुठे झाली ते वहीत दिसेल.