मदत हवी आहे: आज्जीसाठी मोठ्या अक्षरांची पोथी, नाहीतर ऐकायचं काहीतरी (कोल्हापूर)

पेठकर
आमच्या आज्जीला आता वाचता येत नाही. तिला पोथ्या, देवादिकांच्या गोष्टी लागतात. महाद्वार रोडवरून 'मोठा टाईप' म्हणून आणलेली पोथी तिनं दोन पानांत मिटवून ठेवली. यापेक्षा मोठी कुठं मिळेल, की ऐकायचं यंत्र घ्यावं? श्रावण तोंडावर आलाय, रविवारी खरेदीला बाहेर पडणार आहे. लवकर सांगा.

सांगलीवाले
एवढा विचार कशाला? मोबाईलवर सगळं फुकट आहे. आमचे वडील गळ्यातलं ब्लूटूथ घालून दिवसभर कीर्तन ऐकतात. त्यांना आधी बीपीचा त्रास होता, तोही कमी झाला.

पेठकर
आज्जी मोबाईल चालवत नाही. आणि मधे जाहिरात लागली की हाका मारते.

वाचनवेडा
करवीर नगर वाचन मंदिराचे सभासद व्हा. 1850 पासूनचं ग्रंथालय आहे, धार्मिक पुस्तकं मुबलक.

पेठकर
दादा, पुस्तकं मिळतात हो. दिसत नाहीत.

नेत्रा_क
मी डोळ्यांच्या दवाखान्यात, नजर अधू झालेल्यांच्या विभागात काम करते. 'वाचता येत नाही' म्हणजे नेमकं काय? मोतीबिंदू काढलाय का? डॉक्टरांनी काय सांगितलं? समोरच्याचा चेहरा ओळखते का? पोथी कुठली, आणि कानानं कसं आहे?

पेठकर
दोन्ही मोतीबिंदू काढलेत. पडद्याच्या मधल्या भागाची झीज आहे, वयामुळं. चष्मा बदलून उपयोग नाही म्हणाले. चेहरा ओळखत नाही, आवाजावरनं ओळखते, पण घरात कुठं धडकत नाही. परवा मान वाकडी करून फरशीवरची टिकली उचलली तिनं. रोज शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचायची, दुपारी हरिविजय नाहीतर पांडवप्रताप. ऐकू येतं, टीव्ही जरा मोठा लागतो. वय 84.

नेत्रा_क
हे पहिल्यांदाच सांगायचं ना! मधली नजर गेलीय, कडेची शाबूत आहे. अशांना अक्षर मोठं केलं की खरंच फायदा होतो, कारण मधल्या डागाच्या बाजूनं बघून अक्षर पकडता येतं. पण पोथीची अडचण नुसत्या अक्षराची नसते. पोथीचं पान आडवं, ओळ लांबलचक, ओव्या एकाला एक चिकटून. ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही आणि माणूस तीच ओळ पुन्हा वाचतो. आज्जी असं करत होती का?

पेठकर
अगदी हेच! 'ही ओवी आत्ताच झाली की' म्हणाली आणि पोथी मिटली.

बंडू_राजारामपुरी
मग सोपं आहे. पोथीची झेरॉक्स मोठी करून घ्या. ए4 ची ए3. मी आमच्या काकांना करून दिली होती.

टाईपसेटर
छपाईत आयुष्य गेलं म्हणून सांगतो. ए4 चं ए3 म्हणजे 141 टक्के. 12 पॉइंटचं अक्षर 17 होतं, या आज्जींना ते पुरेल असं वाटत नाही. शिवाय जुन्या छपाईची शाई पसरलेली असते, तीही मोठी होते. अनुस्वार मात्रेला चिकटतो, जोडाक्षराचा गोळा होतो. ओळ लांब ती लांबच.

त्यापेक्षा अकरावा अध्याय नव्यानं टाईप करून घ्या. ग्रंथ 1718 चा आहे, हक्काबिक्काचा प्रश्न नाही. फक्त अलीकडच्या संपादकाचा अर्थ, टिपा उचलू नका. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट मिळतात, जाड वजनात लावा. बारीक-जाड रेघांचा शोभिवंत फॉन्ट नको, त्यात बारीक रेघच आधी दिसेनाशी होते. ओवीचा प्रत्येक चरण वेगळ्या ओळीवर घ्या, दोन ओव्यांत मोकळी जागा सोडा. म्हणजे ओळ आपोआप आखूड होते. कागद चकचकीत नको, आणि मागची छपाई पुढं दिसेल इतका पातळही नको. स्पायरल करा, पान सपाट पडतं.

बंडू_राजारामपुरी
मग 40 पॉइंटच करा की, भांडणच नको.

नेत्रा_क
नाही. फार मोठं केलं की एका नजरेत दोनच अक्षरं मावतात, शब्द तुटतो आणि माणूस दमतो. एकच ओवी 18, 22, 26 आणि 30 मध्ये छापा. आज्जी जिथं बसते तिथं, तिच्याच चष्म्यानं वाचायला द्या. कशीबशी लागली तो आकार घेऊ नका. त्याच्या पुढचा घ्या, नाहीतर दहा मिनिटांत ठेवून देईल. ओवी तिला पाठ नसलेली निवडा, नाहीतर ती न बघताच म्हणेल!

आणि दिवा. वरची ट्यूब पुरत नाही. मानेचा टेबल-लॅम्प बाजूनं पानाच्या जवळ आणा, झोत डोळ्यात नको. अंतर निम्मं केलं की पानावरचा उजेड जवळजवळ चौपट होतो. काळ्या पुठ्ठ्याला दोन ओळींएवढी खाच पाडून पानावर ठेवली की ओळ चुकत नाही. हे सगळं भिंगाच्या आधी करून बघा. जास्त ताकदीच्या भिंगात कमी अक्षरं मावतात आणि हात हलला की सगळं हलतं.

एक मात्र लक्षात ठेवा. दाराची चौकट अचानक वाकडी दिसायला लागली किंवा डाग एकाएकी वाढला, तर पोथी बाजूला ठेवून लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

पेठकर
अकरावा कळला. पण पांडवप्रताप 64 अध्यायांचा आहे, तो कोण टाईप करणार?

टाईपसेटर
कुणी नाही. तो ऐकायचा.

जोशीकाकू
ऐकून पारायण होत नाही. स्वतःच्या मुखानं म्हणावं लागतं.

सांगलीवाले
काकू, नवविधा भक्तीत पहिली श्रवणभक्तीच आहे.

जोशीकाकू
ते भक्तीचं झालं. मी पारायणाचं म्हणतेय. आमच्याकडं गुरुचरित्राला...

नेत्रा_क
तुम्हा दोघांचं वेगळं चालू द्या. पेठकर, जे स्वतः म्हणायचं ते छापा, जी कथा आहे ती ऐकवा.

बारक्या
ऐकायला बटणवाला स्पीकर घे भावा, पेन ड्राईव्ह लागतो तो. टच नको. दोन गोष्टी दुकानातच तपास. अध्याय अर्ध्यावर असताना बंद करून परत चालू कर. बरेच स्वस्त स्पीकर पहिल्यापासून सुरू होतात, मग आज्जी रोज पहिलाच अध्याय ऐकत बसणार. दुसरं, स्वस्त यंत्र फायली नावाच्या क्रमानं नाही, तर कॉपी झाल्या त्या क्रमानं लावतं. माझ्याकडं युद्ध आधी झालं आणि द्रौपदीचं स्वयंवर नंतर. ड्राईव्ह FAT32 मध्ये फॉरमॅट कर, फायलींना 01, 02 अशी नावं दे आणि एकेक करून क्रमानं टाक. चालू-बंदच्या बटणावर जाड टिकली चिकटव, बोटाला लागते.

नेत्रा_क
मागं तबला-बासरी वाजणारं रेकॉर्डिंग घेऊ नका. वयानं कान कमी झाले की शब्द संगीतात बुडतात, आवाज वाढवून फरक पडत नाही. साधं वाचन बघा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र निघालं तर सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे, पण ते घरातल्या कुणीतरी उतरवून द्यावं लागेल.

शुभांगी_इचलकरंजी
माझ्या सासऱ्यांना काचबिंदू आहे. त्यांनाही 30 पॉइंट चालेल का?

नेत्रा_क
बहुतेक उलटं होईल. काचबिंदूत कडेची नजर जाते, नळीतून बघितल्यासारखं दिसतं. मोठं अक्षर त्या नळीत मावत नाही. वाचता येईल तेवढंच, पण ठळक छापा. वेगळा धागा काढा, तिथं विचारते सगळं.

पेठकर
काल चारही आकार दाखवले. 22 अडखळत वाचलं, 26 सरळ. पण म्हणते, 'ही पोथी नव्हे, वही आहे, देवापुढं कशी ठेवू?'

जोशीकाकू
बरोबर आहे त्यांचं.

टाईपसेटर
स्पायरल काढा. आडवी सुटी पानं करून लाल कापडात बांधून द्या. चरणांच्या ओळी मात्र आखूडच ठेवा, पान आडवं झालं म्हणून लांबवू नका.

पेठकर
मग पानं विस्कटली तर तिला क्रम कसा लागणार? आकडे किती मोठे टाकू?