‘मुंगी मरली’

> ‘लेक आधी ‘केलं’ नीट म्हणायची, आता ‘करलं’ म्हणते. मागे चाललीय का?’

उलट पुढे चाललीय. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरातली गोष्ट सांगते. भाची दोन वर्षांची असताना ‘बाबा गेले’, ‘मी केलं’ असं अचूक बोलायची, कारण ते शब्द तिने अख्खेच उचलले होते. तिसऱ्या वर्षी एकदा ओट्याखाली वाकून म्हणाली, "आत्या, मुंगी मरली!"

"मेली का?"

"हो, मरली. मी नाही मारली."

घरात कुणीच ‘मरली’ म्हणत नाही. पडली, बसली, रडली ऐकून ‘ली’ जोडायचा नियम तिने स्वतःच शोधला होता आणि तो ‘मर’लाही लावला. खात्री करायला मी एक बनावट क्रियापद दिलं. "बाहुली रोज टुमकते. काल काय केलं तिने?"

"टुमकली!"

हे तिने कुठे ऐकलेलं असणं शक्यच नव्हतं. मुलं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना असेच बनावट शब्द देऊन हे दाखवलं होतं.

टोकून पुन्हा म्हणायला लावू नका, बोलता बोलता ‘हो, मेली’ कानावर पडू द्या. ‘केलं’ दिवसभर ऐकू येतं, म्हणून ते आमच्याकडे लवकर परतलं. ‘मरली’ बरेच महिने रेंगाळली, कधी एकाच दिवशी दोन्ही रूपं यायची. ‘म्हणलं’, ‘पिलं’ मात्र यात धरू नका, ती मोठ्यांच्याही तोंडी असतात.